अपूर्णांक व दशांश अपूर्णांकांवरील क्रियांचा ताळा : समच्छेद आणि स्थानिक किंमत यांतील चुकांचे विवेचन

बीजसंज्ञा : ताळा, समच्छेद, स्थानिक किंमत, दशांश चिन्ह, उलट क्रिया, नवांचा ताळा

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यास टक्केवारी, सरासरी अथवा व्याज काढता येत नाही, अशी तक्रार वाणिज्य, अर्थशास्त्र व भूगोल या तिन्ही विभागांतून ऐकू येते. या उणिवेचे मूळ बहुतेक वेळा टक्केवारीत नसते. ते उच्च प्राथमिक स्तरावर शिकविल्या जाणाऱ्या दोन घटकांत असते. बालभारतीच्या २०१६ सालच्या इयत्ता सहावीच्या गणिताच्या पुस्तकात ‘अपूर्णांकांवरील क्रिया’ आणि ‘दशांश अपूर्णांक’ ही प्रकरणे लागोपाठ आली आहेत, आणि याच वयात विद्यार्थ्याच्या मनात काही चुकीच्या रीती घट्ट होतात. त्या पुढे दुरुस्त का होत नाहीत, याचे एक कारण म्हणजे वही तपासण्याची आपली पद्धत. उत्तर बरोबर असेल तर खूण, चूक असेल तर फुली, आणि ‘ताळा करून पाहा’ अशी एक सर्वसाधारण सूचना, एवढ्यावर तपासणी संपते. परंतु विद्यार्थी जो ताळा करतो तो त्याच चुकीच्या रीतीने करीत असेल, तर ताळाही जुळतो. कोणता ताळा कोणती चूक पकडतो आणि कोणती चूक त्याच्या हातून निसटते, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचनासाठी घेतलेल्या वह्या कल्पित आहेत. मात्र त्यांतील चुकांचे प्रकार गणित शिकविणाऱ्या कोणाही शिक्षकाच्या परिचयाचे आहेत. उदाहरणांचा परिसर यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्याचा घेतला आहे. कापूस हे तेथील मुख्य पीक असल्यामुळे क्विंटल आणि किलो यांचा हिशोब सातवीतल्या मुलाच्याही कानावर रोज पडतो.

दोन चुका आणि एक बरोबर उत्तर

एका कुटुंबाने कापूस दोन वेळा विकला. पहिल्या वेळी वजन भरले ३ क्विंटल ५ किलो, दुसऱ्या वेळी २ क्विंटल ४० किलो. एकूण वजन क्विंटलमध्ये दशांश अपूर्णांकात लिहा, असे उदाहरण दोन विद्यार्थ्यांना दिले आहे, असे समजू.

पहिल्या विद्यार्थ्याने लिहिले : ३.५ + २.४० = ५.४५. दुसऱ्याने लिहिले : ३.५ + २.४० = ५.९०. खरे उत्तर ५ क्विंटल ४५ किलो, म्हणजे ५.४५ असल्याने पहिल्याला पूर्ण गुण मिळतील आणि दुसऱ्याच्या वहीत फुली येईल.

प्रत्यक्षात स्थिती जवळजवळ उलट आहे. ५ किलो म्हणजे क्विंटलचा ५/१०० भाग, म्हणून ३ क्विंटल ५ किलो हे ३.०५ असे लिहावयास हवे. दोघांनीही ते ३.५ असे लिहिले, ही चूक दोघांची सारखीच आहे. त्यानंतर दुसऱ्या विद्यार्थ्याने दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह मांडले, ५ दशांशात ४ दशांश मिळविले आणि ९ दशांश काढले. ही बेरीज पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे. पहिल्याने मात्र चिन्हाच्या उजवीकडील ५ आणि ४० हे आकडे दोन स्वतंत्र पूर्ण संख्या मानून मिळविले व ४५ आणले. म्हणजे त्याच्या हातून लिहिताना एक आणि मिळविताना दुसरी अशा दोन चुका झाल्या, त्या एकमेकींना पुसून गेल्या व उत्तर बरोबर आले. ज्याची एकच चूक झाली तो नापास आणि ज्याच्या दोन झाल्या तो उत्तीर्ण, असा हा प्रकार आहे.

पहिल्या विद्यार्थ्याच्या मनात दशांश चिन्ह हे दोन खाती वेगळी करणारे टिंब आहे. डावीकडे क्विंटल, उजवीकडे किलो. या समजुतीस त्याच्या भोवतीचे जग पुष्टीच देत असते. घड्याळाची वेळ २.३० अशी लिहितात आणि ती अडीच असते. क्रिकेटमध्ये ४.३ षटके म्हणजे चार षटके आणि तीन चेंडू, आणि तेथे ४.३ व ३.४ यांची बेरीज ८.१ होते, कारण सहा चेंडूंचे एक षटक. तारखेतही टिंब असते. सातबाराच्या उताऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर टिंबांनी वेगळे केलेले दिसतात व एकाच क्षेत्रात दोन टिंबे येतात. या सर्व ठिकाणी टिंब विभाजकाचे काम करते, स्थानिक किमतीचे नव्हे. मुलाने शाळेतल्या टिंबालाही तोच अर्थ दिला तर त्यात त्याचा आळस किंवा मंदबुद्धी शोधण्याचे कारण नाही.

ही समजूत जेथे कोसळते असे उदाहरण शिक्षकाने मुद्दाम द्यावे लागते. १ क्विंटल ६० किलो आणि १ क्विंटल ५५ किलो यांची बेरीज या विद्यार्थ्यास दिल्यास तो बहुधा २.११५ असे लिहील, कारण ६० आणि ५५ मिळून ११५ होतात आणि ते त्याच्या दृष्टीने किलोच्या खात्यात जातात. ३.१५ हे खरे उत्तर आणि २.११५ हे त्याचे उत्तर यांत त्याची रीत उघडी पडते. उजवीकडच्या आकड्यांची बेरीज शंभराच्या आत राहील अशीच उदाहरणे देत गेल्यास ती वर्षभर झाकलेली राहते.

या चुकीची किंमतही पाहावी. ३.०५ ऐवजी ३.५ वाचले गेले तर फरक ४५ किलोचा पडतो. उदाहरणापुरता क्विंटलला ७,००० रुपये भाव धरला तर तो ३,१५० रुपयांचा होतो. घरातील शिकलेला म्हणून वजनाची पावती ज्याच्या हाती वाचायला दिली जाते, तो हाच सातवीतला मुलगा किंवा मुलगी असते.

जुळूनही फसविणारे ताळे

आता पहिल्या विद्यार्थ्यास ताळा करावयास सांगू. शाळेत शिकविलेला ताळा उलट क्रियेचा असतो. बेरजेतून एक संख्या वजा केली की दुसरी मिळाली पाहिजे. तो ५.४५ मधून २.४० वजा करतो. त्याच्या रीतीप्रमाणे ४५ मधून ४० गेले, उरले ५. डावीकडे ३. उत्तर ३.५ आले आणि ताळा जुळला. विद्यार्थी निःशंक होतो. वास्तविक योग्य वजाबाकीने ३.०५ यावयास हवे होते, आणि ३.०५ व ३.५ यांतील शून्याचा फरक हाच सगळा प्रश्न आहे. पण ज्याला ‘०५’ आणि ‘५’ एकच वाटतात त्याला हा फरक दिसणार कसा?

दुसरा ताळा नवांचा. आपल्याकडे तो फार जुना आहे. द्वितीय आर्यभटाच्या ‘महासिद्धान्त’ या ग्रंथात तो आढळतो, आणि नारायण पंडिताच्या १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त त्याचे व्यापक रूप दिले आहे. संख्येतील अंकांची बेरीज करीत एक अंक उरेपर्यंत जावयाचे आणि मूळ क्रिया त्या अंकांवर करून पाहावयाची. पूर्ण संख्यांच्या मोठ्या गुणाकारात हातचा विसरला असेल तर हा ताळा ती चूक बहुधा पकडतो. म्हणून अनेक शिक्षक तो दशांश अपूर्णांकांसही लावतात. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या ५.९० या उत्तरास तो लावून पाहू. ३.०५ चे अंक मिळून ८, २.४० चे मिळून ६. दोहोंची बेरीज १४, म्हणजे ५. उत्तरातील ५, ९ आणि ० मिळून १४, म्हणजे ५. ताळा जुळला. खऱ्या उत्तराचे ५, ४ आणि ५ मिळूनही १४ च होतात. दोन उत्तरांत ४५ किलोंचा फरक, आणि नवांच्या ताळ्यास दोन्ही सारखीच मान्य.

हा योगायोग नाही. अंक एक घर डावीकडे सरकला की त्याची किंमत दहापट होते, म्हणजे मूळ किमतीच्या नऊपट वाढ होते. नवांचा ताळा नऊच्या पटीतील फरक पाहतच नाही. ५ चे ५० झाले तर फरक ४५, तो नऊच्या पटीत. म्हणजे स्थानिक किमतीची चूक ही नेमकी अशी चूक आहे की जी नवांच्या ताळ्यास कधीही दिसू शकत नाही. दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडले काय, मधले शून्य गळले काय, अंकांची बेरीज तीच राहते. पूर्ण संख्यांसाठी उत्तम असलेले हे साधन दशांश अपूर्णांकांत केवळ निरुपयोगी नव्हे तर दिशाभूल करणारे ठरते. प्रस्तुत लेखकाच्या मते दशांशांच्या प्रकरणात ते सांगूच नये. सांगितलेच तर त्याची ही मर्यादा सांगूनच.

मग कोणता ताळा उपयोगी पडेल? ज्याला दशांश चिन्हाची गरजच लागत नाही, तो. मूळ पावतीकडे परत जावे आणि सर्व वजने किलोत लिहावीत. ३०५ किलो आणि २४० किलो मिळून ५४५ किलो. येथे चूक करण्यास जागाच उरत नाही. मात्र हे रूपांतर मूळ मापावरून झाले पाहिजे. वहीत लिहिलेल्या ३.५ वरून केले तर ३५० किलो येतील आणि चूक पुन्हा ताळ्यात शिरेल.

क्विंटलात किलोसाठी दोन घरे लागतात, कारण शंभर किलोंचा क्विंटल. किलोत ग्रॅमसाठी तीन घरे लागतात, म्हणून २ किलो ५० ग्रॅम हे २.०५० होय, २.५० लिहिले तर ते अडीच किलो झाले. एकर आणि गुंठे यांना तर घरेच नाहीत, कारण चाळीस गुंठ्यांचा एकर. १ एकर १० गुंठे हे १.१० नसून सव्वा एकर, म्हणजे १.२५ होय. हे तिसरे उदाहरण वर्गात अवश्य घ्यावे. दोन आणि तीन घरांचा नियम पाठ केलेला विद्यार्थी तेथे अडखळतो आणि टिंब म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्याला प्रथमच पडतो.

समच्छेदाची चूक आणि गुणपत्रिका

अपूर्णांकांच्या बेरजेतील सर्वांत प्रचलित चूक म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळविणे : २/५ + १/३ = ३/८. शिक्षक या चुकीस निष्काळजीपणा समजतात. पण विद्यार्थ्याने ही रीत शोधून काढलेली नसते. ती त्याने शाळेतच पाहिलेली असते. घटक चाचणीत २० पैकी १२ आणि २५ पैकी १५ गुण मिळाले तर गुणपत्रिकेत ४५ पैकी २७ लिहितात, आणि ते योग्यच असते. तेथे आपण दोन वेगवेगळ्या परीक्षांचे गुण एकत्र करून नवा पूर्णांश ४५ धरतो. अपूर्णांकांच्या बेरजेत मात्र दोन्ही भाग एकाच वस्तूचे असतात. त्याच शेताचा २/५ भाग आणि त्याच शेताचा १/३ भाग, तर मिळून शेताचा किती भाग? शेत एकच आहे, दोन झालेले नाही. म्हणून छेदांची बेरीज करण्याचा प्रश्न येत नाही. एका मापाचे तुकडे पाडावे लागतात आणि यालाच समच्छेद करणे म्हणतात. पंधराचे तुकडे पाडले तर सहा आणि पाच मिळून अकरा, म्हणजे ११/१५.

या चुकीस उलट क्रियेचा ताळा कसा फसतो ते वजाबाकीत अधिक स्पष्ट दिसते. ३/४ − १/२ = २/२ असे उत्तर विद्यार्थी काढतो. ताळ्यासाठी २/२ मध्ये १/२ मिळवितो, अंशात अंश व छेदात छेद, आणि ३/४ परत येतात. चुकीची बेरीज आणि चुकीची वजाबाकी एकमेकींशी पूर्णपणे सुसंगत आहेत.

येथे आकारमानाचा ताळा निर्णायक ठरतो. बेरीज ही दोन्ही भागांपेक्षा मोठी असली पाहिजे आणि वजाबाकीचे उत्तर मूळ संख्येपेक्षा लहान. ३/८ हे २/५ पेक्षा लहान आहे (०.३७५ आणि ०.४), म्हणून उत्तर टिकत नाही. २/२ म्हणजे एक, आणि पाऊणमधून काही काढल्यावर एक उरत नाही. पहिल्या ताळ्याचे वैशिष्ट्य असे की अंशात अंश, छेदात छेद ही चूक तो प्रत्येक वेळी पकडतो. कारण गुणपत्रिकेच्या उदाहरणातच आहे. दोन परीक्षांचा एकत्रित निकाल हा चांगल्या परीक्षेपेक्षा चांगला आणि वाईट परीक्षेपेक्षा वाईट कधीच असू शकत नाही. तो त्या दोहोंच्या दरम्यानच राहतो. म्हणजे या रीतीने आलेले उत्तर मोठ्या अपूर्णांकास कधीही ओलांडू शकत नाही, आणि खरी बेरीज मात्र त्याला ओलांडतेच.

याच विद्यार्थ्यास समच्छेद करावयास शिकविले की चुकीचे रूप बदलते. आता तो छेद समान करतो पण अंश तसेच ठेवतो : २/३ + १/४ = ३/१२. हेही उत्तर २/३ पेक्षा लहान असल्याने आकारमानाच्या ताळ्यात सापडते. दोन्ही छेद लसाविपर्यंत पोहोचताना किमान दुप्पट होत असतील तर ही चूक नेहमीच सापडेल, कारण चुकीचे उत्तर खऱ्या बेरजेच्या निम्म्याहून मोठे होऊ शकत नाही. परंतु १/२ + ३/४ हे उदाहरण घ्या. लसावि ४, दुसऱ्या अपूर्णांकास हात लावण्याचे कारण नाही, पहिल्याचा अंश बदलावयाचा राहून गेला आणि उत्तर आले ४/४. हे १ असून पाऊणपेक्षा मोठे आहे. आकारमानाचा ताळा येथे काहीच बोलत नाही. एक छेद दुसऱ्याच्या पटीत असताना हा धोका संभवतो, आणि अशी उदाहरणे ‘सोपी’ म्हणून सर्वांत आधी दिली जातात!

१९७८ साली अमेरिकेत झालेल्या एका राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ या बेरजेचे अंदाजे उत्तर १, २, १९ आणि २१ यांतून निवडावयास सांगितले होते. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक आहेत, म्हणून उत्तर २. केवळ २४ टक्के मुलांनी ते निवडले. निम्म्याहून अधिकांनी १९ किंवा २१ निवडले, म्हणजे अंशांची अथवा छेदांची बेरीज. आकारमानाचा ताळा शिकवावा लागतो, तो आपोआप येत नाही, याचे हे जुने पण बोलके प्रमाण आहे.

पाव, पाऊण, सव्वा : भाषेतील ताळा

१/२ + ३/४ या निसटलेल्या उदाहरणासाठी मराठी विद्यार्थ्याजवळ एक साधन आहे, ज्याचा उपयोग आपण फारसा करून घेत नाही. अर्धा आणि पाऊण मिळून किती, असे तोंडी विचारा. सव्वा, असे उत्तर येते. ‘एक’ म्हणणारा विरळा. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द चौथाईच्या मापात आधीच समच्छेद झालेले आहेत. पूर्वी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यांचे पाढे म्हणवून घेत. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, सोळा आण्यांचा हिशोब मागे पडला आणि या पाढ्यांचे व्यावहारिक प्रयोजन संपले. शब्द मात्र बाजारात टिकून राहिले.

दशांशासाठीही ते तितकेच उपयुक्त आहेत. २.५ + १.७५ या बेरजेचे उत्तर विद्यार्थी ३.८० काढतो. ते दोन्ही संख्यांपेक्षा मोठे असल्याने आकारमानाच्या साध्या ताळ्यातून सुटते. पण अडीच आणि पावणेदोन हे सव्वाचार होतात, पावणेचारच्या जवळपास नाही. ४.२५ हे उत्तर शब्दांनीच सांगितले.

मिश्र अपूर्णांकांच्या वजाबाकीत तर या शब्दांनी एक वेगळीच चूक उजेडात येते. ५ १/४ मधून २ ३/४ वजा करावयाचे आहेत. एक चतुर्थांशातून तीन चतुर्थांश जात नाहीत, म्हणून विद्यार्थी पाचमधून एक उसना घेतो आणि त्याला पूर्ण संख्यांची सवय असल्याने १ च्या पुढे दहा मिळवून अंश ११ करतो. ११/४ − ३/४ = ८/४, म्हणजे २. डावीकडे ४ − २ = २. एकूण उत्तर ४. उसना घेतलेला एक म्हणजे येथे चार चतुर्थांश, दहा नव्हेत. अंश ५ व्हावयास हवा होता. म्हणजे दिसावयास ही अपूर्णांकाची चूक असली तरी तिचे मूळ स्थानिक किमतीत आहे. सव्वापाचातून पावणेतीन गेले की अडीच उरतात, हे उच्चारताच ४ हे उत्तर गळून पडते.

या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ते फक्त अर्ध्या आणि चौथाईपुरते आहे. तृतीयांश वा पंचमांश यांना रोजच्या बोलण्यात अशी जागा नाही. शिवाय झरी जामणीसारख्या सीमेवरील तालुक्यात कोलामी, गोंडी अथवा तेलुगू ही घरची भाषा असलेली मुले वर्गात असतात. पाऊण आणि पावणेतीन यांतील फरक त्यांना कानाने येतो, असे गृहीत न धरता आधी विचारून पाहावे. ज्यांना तो येत नाही त्यांच्यासाठी तराजू, माप आणि वजने यांवरूनच सुरुवात करावी लागेल.

संख्या वाचण्याच्या सवयीचाही येथे संबंध येतो. ०.२५ हे ‘पॉइंट पंचवीस’ असे वाचले की पंचवीस ही संख्या कानात राहते आणि ०.२५ हे ०.५ पेक्षा मोठे वाटू लागते. ‘शून्य पूर्णांक दोन पाच’ असे सुटे वाचले तर हा भ्रम कमी होतो. लॉरेन रेस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली अमेरिका, इस्राएल व फ्रान्स येथील मुलांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात या पूर्णसंख्येच्या नियमाबरोबरच त्याच्या उलट जाणारा एक नियमही नोंदविला आहे. काही मुले अधिक अंकांचा दशांश लहान मानतात, कारण शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात एवढेच त्यांनी धरून ठेवलेले असते. म्हणून ‘०.५ आणि ०.३५ यांतील मोठी संख्या कोणती’ हा एकच प्रश्न पुरत नाही. हा दुसरा विद्यार्थी त्याचे उत्तर बरोबर देईल. सोबत ०.२ आणि ०.४५ ही जोडी द्यावी. तेथे पहिल्या प्रकारचा विद्यार्थी बरोबर ठरतो आणि दुसऱ्या प्रकारचा सापडतो.

गुणाकारातील शून्य

गुणाकाराविषयी थोडक्यात लिहितो. ०.३ × ०.२ = ०.६ ही चूक बेरजेतील ‘चिन्हाखाली चिन्ह’ हा नियम गुणाकारात आणल्याने होते. ३/१० × २/१० असे लिहून पाहिले की छेद शंभर होतो आणि उत्तर ०.०६ येते. हा दुसऱ्या रूपातून केलेला ताळा असल्यामुळे पहिल्या चुकीपासून स्वतंत्र आहे. अधिक सूक्ष्म चूक ०.२५ × ०.४ मध्ये होते. २५ × ४ = १००. तीन घरे मोजून ०.१००, म्हणजे ०.१. परंतु ‘दशांशात शेवटच्या शून्यास किंमत नाही’ हे वाक्य पाठ असलेला विद्यार्थी ती शून्ये आधीच पुसतो, उरलेल्या १ पासून तीन घरे मोजतो आणि ०.००१ लिहितो. त्याने वापरलेला नियम खरा आहे, फक्त चिन्ह देण्यापूर्वी वापरला आहे. पावाच्या निम्म्याहून थोडे कमी, म्हणजे सुमारे ०.१२ च्या आत पण जवळपास, असा अंदाज आधी लिहून ठेवला असता तर ०.००१ वहीत आलेच नसते.

चाचणीसाठी उदाहरणांची निवड

चाळीस-पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकास विचारून त्याची रीत जाणून घेणे शक्य नसते, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय उदाहरणे निवडण्यातच आहे. प्रत्येक चुकीच्या रीतीने वेगळे उत्तर येईल असे एक उदाहरण, पाठोपाठ दिलेल्या दहा उदाहरणांपेक्षा अधिक सांगते.

दशांशासाठी १.६ + २.४५ घ्यावे. बरोबर उत्तर ४.०५. टिंबास विभाजक मानणारा विद्यार्थी ६ आणि ४५ मिळवून ३.५१ लिहील. अंक उजवीकडून एकाखाली एक मांडणारा १६ आणि २४५ मिळवून २.६१ आणील. या दोघांस एकच शेरा देऊन भागणार नाही. पहिल्यास ०.६ म्हणजे किती शतांश, असे विचारावे लागेल. दुसऱ्याकडून आधी मांडणी करून घ्यावी लागेल.

अपूर्णांकांसाठी १/२ + २/५. बरोबर उत्तर ९/१०. अंशात अंश व छेदात छेद मिळविणाऱ्याचे ३/७ येईल, अंश तसेच ठेवणाऱ्याचे ३/१०. चौथे उत्तर १२/१० येऊ शकते. या विद्यार्थ्यास समच्छेद कळलेला असतो, पण पहिल्या अंशास दोनने आणि दुसऱ्यास पाचने गुणून तो गुणकांची अदलाबदल करतो. त्याच्या वहीत फुली न मारता इतकेच लिहावे : ‘२/५ हे अर्ध्याहून कमी की अधिक? मग त्यात अर्धा मिळविल्यावर बेरीज एकाच्या पुढे जाईल का?’